मध्यक पगाराचा आकडा घेऊन साहेबांना पगारवाढीचं पत्र कसं लिहायचं

पगारवाढीचं पत्र लिहिलेलं असतं मॅनेजरला, पण त्यावर निर्णय घेणारा माणूस बहुतेक वेळा दुसराच असतो. मॅनेजर पत्र वाचतो, मान डोलावतो आणि एचआरला फॉरवर्ड करतो. कारखान्यांच्या एचआरमध्ये बसून अशी फॉरवर्ड झालेली पत्रं मी बरीच वर्षं उघडली. अलीकडच्या पत्रांत एक वाक्य हमखास असतं: "या पदाचा बाजारातला मध्यक पगार इतका आहे आणि मला त्याहून इतका कमी मिळतो." आकडा बहुधा खोटा नसतो. फक्त तो लिहिणाऱ्याच्या कामाचा, शहराचा, अनुभवाचा नसतो, आणि तेवढ्यावर पत्र पडतं.

मीही एकदा पडलो आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका वेबसाइटवरून 'एचआर एक्झिक्युटिव्ह, पुणे' असा आकडा उचलून पत्र दिलं. साहेबांनी चष्मा काढून एवढंच विचारलं, "यात हिंजवडीतले किती आणि आपल्यासारखे कारखान्यातले किती?" मला सांगता येईना. पत्र ड्रॉवरमध्ये गेलं आणि पुढच्या वर्षीच्या साफसफाईत बाहेर आलं.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा, तीनेकशे माणसांचा कारखाना धरा. तिथे पाच वर्षं झालेली एक क्वालिटी इंजिनिअर आहे आणि तिचा सीटीसी, म्हणजे कंपनीला तिच्यावर येणारा एकूण खर्च, वर्षाला ५,४०,००० रुपये आहे. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. बाजारभाव म्हणून ते कुणी आपल्या पत्रात टाकू नयेत.

मध्यकाने काय सिद्ध होतं, काय होत नाही

शाळेच्या सांख्यिकीत मध्य, मध्यक आणि बहुलक शिकवले होते. त्यातला हा मधला. सगळे पगार चढत्या क्रमाने मांडायचे आणि बरोबर मधल्या जागेवरचा उचलायचा. निम्मे लोक त्याच्या खाली, निम्मे वर.

या व्याख्येतच पत्र लिहिणाऱ्याची अडचण आहे. निम्मे लोक मध्यकाच्या खाली असणारच. त्यामुळे 'मी मध्यकाच्या खाली आहे' ही तक्रार म्हणून एचआरला काहीच सांगत नाही. त्या पदावर सहा महिन्यांपूर्वी आलेला माणूस खालीच असायला हवा. पत्राला उत्तर द्यायचं आहे ते वेगळ्या प्रश्नाचं: खालच्या निम्म्यात मी का असू नये? मध्यक फक्त अंतर दाखवतो. ते अंतर का भरावं, हे कामातून दाखवावं लागतं. ज्यांना हे कळतं त्यांच्या पत्रात बाजाराच्या दोन ओळी आणि कामाच्या आठ ओळी असतात. न कळलेल्यांच्या पत्रात हे प्रमाण उलटं असतं.

आधी स्वतःचा पगार सोलून बघा

बाहेरचे आकडे शोधण्याआधी आपला आकडा नीट मांडायला हवा, कारण 'पगार' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या रकमा फिरत असतात. आपल्या इंजिनिअरचा सीटीसी उघडू या. बेसिक महिन्याला २०,०००, म्हणजे वर्षाचे २,४०,०००. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी २८,८००. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ११,५५०. मेडिक्लेमचा हप्ता ६,०००. वर्षअखेरीला मिळालं तर मिळणारं व्हेरिएबल ४५,०००. हे सगळं वजा केलं की उरतात साधारण ४,४८,६५०, म्हणजे महिन्याला ३७,४०० च्या आसपास ग्रॉस. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० गेला की खात्यात येतात ३४,८०० च्या जवळपास.

आता समजा तिची मैत्रीण म्हणाली, "मला पंचेचाळीस मिळतात." ते इन हँड असतील तर दोघींत दहा हजारांचं अंतर आहे. सीटीसी भागिले बारा असे ४५,००० असतील तर अंतर शून्य आहे, कारण ५,४०,००० भागिले बारा म्हणजे नेमके पंचेचाळीस हजारच. इतका फरक फक्त शब्दामुळे पडतो. म्हणून पुढे जे जे आकडे गोळा कराल त्या प्रत्येकापुढे लिहा: सीटीसी, ग्रॉस की इन हँड, आणि व्हेरिएबल धरून की सोडून. कळत नसेल तर तो आकडा सरळ सोडून द्या. एक आकडा कमी झाल्याने काही बिघडत नाही. भलता आकडा शिरला तर सगळी मांडणी बिघडते.

पदनाम बाजूला ठेवा, काम लिहून काढा

'क्वालिटी इंजिनिअर' या नावाखाली निदान तीन वेगळी माणसं असतात. एक आवक माल तपासतो. दुसरा पुरवठादारांच्या मागे असतो, त्यांच्याकडे जाऊन त्यांची प्रक्रिया सुधारून घेतो. तिसरा ग्राहक सांभाळतो, म्हणजे तक्रार आली की तिचं मूळ आणि उपाय मांडणारा एट-डी रिपोर्ट त्याचा, नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची कागदपत्रं, म्हणजे पीपीएपी, त्याचं, ग्राहकाचं ऑडिट आलं की पुढे उभा तो. तिघांच्या व्हिजिटिंग कार्डवर एकच नाव असतं, पण पगार एक नसतो.

आपली इंजिनिअर लागली होती आवक तपासणीला. गेल्या जुलैत तिथले सीनिअर सोडून गेले, त्यांची जागा भरली नाही आणि ऑगस्टपासून ग्राहकाकडच्या तक्रारी तिच्याकडे आल्या. हे कुठल्याही कागदावर नाही. तिच्या अपॉइंटमेंट लेटरवर अजून जुनंच काम आहे, आणि एचआर बाजाराशी तुलना करणार ती कागदावरच्या कामाची. म्हणून पहिला लेखी पुरावा पगाराचा नको, कामाचा हवा. सध्या आठवड्यातला वेळ कशात जातो ते पाच-सहा ओळींत लिहा आणि मॅनेजरला एकदा सहज दाखवून घ्या: "सर, माझ्या कामाची यादी बरोबर आहे ना?" तो हो म्हणाला की पत्राचा अर्धा पाया घातला गेला. पगाराचा विषय त्या दिवशी काढू नका.

आकडे गोळा करणं

आपल्याकडे पद, शहर आणि अनुभव यांनुसार मध्यक देणारं सरकारी कोष्टक असं हाताशी नाही. त्यामुळे तो जुळवावा लागतो. तीन जागा आहेत आणि तिन्ही थोड्या लंगड्या आहेत.

पहिली जागा म्हणजे ॲम्बिशनबॉक्स, ग्लासडोअर अशा साइट. लोक स्वतःच आपला पगार तिथे भरतात. पानावर 'ॲव्हरेज' लिहिलंय की 'मीडियन' ते आधी वाचा, कारण बरेच जण सरासरी उचलून तिलाच मध्यक म्हणतात आणि पहिल्याच ओळीत पकडले जातात. आकडा किती नोंदींवरून काढलाय आणि कोणत्या वर्षांच्या अनुभवाचा आहे, हेही बघा. पाच-सात नोंदींवरच्या आकड्याला मी एचआरमध्ये कधी भाव दिला नाही. शहर आणि अनुभवाचं फिल्टर न लावता घेतलेला देशभराचा आकडा तर उलट अंगावर येतो.

दुसरी जागा नोकरीच्या जाहिराती. इथे निदान कंपनी, गाव आणि काम दिसतं. पण '५ ते ९ लाख' मधले ९ हे गळाला लावलेलं गांडूळ असतं. '३ ते ८ वर्षं' अनुभव मागणारी जाहिरात असेल आणि तुम्हाला पाच झाली असतील, तर मधला किंवा त्याहून थोडा खालचा आकडा धरा.

तिसरी जागा माणसं: दुसऱ्या कंपनीतले ओळखीचे, सोडून गेलेले जुने सहकारी, प्लेसमेंटवाले. कुणालाही "तुझा पगार किती?" असं विचारू नका. माणूस अवघडतो, मग एक तर फुगवून सांगतो किंवा विषय बदलतो. "तुमच्याकडे पाच वर्षांच्या क्वालिटीवाल्याला साधारण कितीपासून कितीपर्यंत देतात?" असं विचारलं की उत्तर मोकळेपणाने येतं आणि बहुतेक वेळा खरंही असतं. प्लेसमेंटवाल्याचं कमिशन बहुधा नव्या सीटीसीच्या टक्क्यांत असतं, तेव्हा त्याचा आकडा थोडा चढा धरायचा.

एक चौथी जागा लोकांना मोहात पाडते. तुमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १९७(१२) खाली तिला दर संचालकाच्या मानधनाचं मध्यक कर्मचारी पगाराशी गुणोत्तर जाहीर करावं लागतं, शिवाय तो मध्यक वर्षात किती टक्के वाढला हेही. वार्षिक अहवालाच्या परिशिष्टात ते सापडतं. पण तो सगळ्या कर्मचाऱ्यांचा मिळून मध्यक असतो, शॉपफ्लोअरपासून वरपर्यंतचा. तुमच्या पदाशी त्याचा संबंध नाही. पत्रात तो घालू नका. किती टक्के वाढला हे मात्र बघून ठेवा, कंपनीने त्या वर्षी हात किती सैल सोडला होता याचा अंदाज येतो.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांचं काम या बाबतीत सोपं आहे. तिथलं कामगार सांख्यिकी खातं, म्हणजे बीएलएस, व्यवसायवार मध्यक वेतन दर वर्षी महानगरांनुसार जाहीर करतं. कोलोरॅडोत २०२१ पासून आणि कॅलिफोर्नियात २०२३ पासून बहुतेक जाहिरातींत पगाराचा पट्टा देणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे तसं नाही. शिवाय अपॉइंटमेंट लेटरमध्ये पगार गुप्त ठेवण्याचं कलम असतं. त्यामुळे स्वतःच्या कंपनीतल्या सहकाऱ्याचा आकडा पत्रात येता कामा नये, माहीत असला तरी.

आपल्या इंजिनिअरने तीन आठवड्यांत नऊ आकडे जमवले. सगळे पुणे परिसरातले, सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतले, चार ते सहा वर्षं अनुभवाचे आणि सगळे सीटीसी. चार जाहिरातींतून, तीन चाकण, तळेगाव आणि रांजणगावच्या ओळखीच्यांकडून, दोन प्लेसमेंटवाल्याकडून. क्रमाने लावल्यावर असे दिसले, लाखांत:

४.८, ५.२, ५.६, ६.०, ६.२, ६.५, ६.८, ७.४, १२.०

मधला पाचवा, म्हणजे मध्यक ६.२. सरासरी काढली तर ६.७ च्या वर जाते. ती उचलायचा मोह होतो, कारण मागणी मोठी दिसते. पण शेवटचे बारा लाख कुणाचे आहेत ते बघा: एका बहुराष्ट्रीय कंपनीत देशभरातले पुरवठादार सांभाळणाऱ्या माणसाचे. ते काम वेगळं आहे, म्हणून तिने तो आकडा काढला. उरले आठ. आठांत मधले दोन येतात, ६.० आणि ६.२, म्हणून मध्यक त्यांच्या मध्ये ६.१. सरासरी मात्र एकदम ६.०६ वर कोसळली. एक माणूस गेल्याने सरासरी सासष्ट हजारांनी हलली आणि मध्यक दहा हजारांनी. मध्यक का वापरायचा याचं कारण हेच. आणि चढा आकडा आपल्या हाताने काढून टाकला हे पत्रात एका ओळीत सांगितलं, तर एचआरचा माणूस बाकीच्या आकड्यांकडे जरा विश्वासाने बघतो. मी तरी बघायचो.

किती मागायचं

एचआर मनातल्या मनात जो भागाकार करतो तो तुम्हीच करून बघा: आपला पगार भागिले मध्यक. ५.४ भागिले ६.१ म्हणजे सुमारे ८८ टक्के. याला कंपा-रेशो म्हणतात. बऱ्याच कंपन्यांत पदाचा बँड, म्हणजे पगाराचा पट्टा, मधल्या आकड्याच्या ८० ते १२० टक्के असा असतो. म्हणजे ८८ हा आकडा बघून एचआर म्हणू शकतो, "बँडमध्येच आहे की." या उत्तराची तयारी आधीच हवी. बँडचा खालचा भाग शिकत असलेल्यांसाठी असतो. काम पूर्ण अंगावर घेऊन स्वतंत्रपणे करणारा माणूस मध्याच्या आसपास असावा, ही बँडच्या आखणीतलीच कल्पना आहे. तेव्हा मुद्दा 'बँडबाहेर आहे' असा करायचा नाही. 'शिकण्याच्या टप्प्याचा पगार आणि पूर्ण जबाबदारीचं काम' असा करायचा.

मागणी एकच आकडा असावी: ६,१०,०००. 'सहा ते साडेसहा' लिहिलं की वाचणाऱ्याला फक्त 'सहा' ऐकू येतं. आणि मध्यकाचा दाखला देऊन मध्यकाच्या वर मागू नका. वर मागायचं असेल तर पुरावाही वरच्या कामाचा लागतो आणि ते पत्र वेगळं लिहावं लागतं. फरक ७०,००० चा, म्हणजे सध्याच्या सीटीसीवर १३ टक्के.

तारीख

एप्रिल ते मार्च चालणाऱ्या कंपनीत वाढीची पत्रं एप्रिल-मेमध्ये हातात पडतात, पण पैसे जानेवारी-फेब्रुवारीत बजेटमध्ये बसलेले असतात. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये पत्र काढणं म्हणजे पंगत उठल्यावर पानावर बसणं. जानेवारीचा पहिला पंधरवडा चांगला.

मॅनेजरची अडचणही समजून घ्या. समजा त्याच्या हाताखाली दहा माणसं, त्यांचे एकूण पगार साठ लाख आणि यंदा आठ टक्के वाटायचे आहेत. म्हणजे सगळ्यांत मिळून ४ लाख ८० हजार. त्यातून एकटीला सत्तर हजार द्यायचे तर बाकी नऊ जणांच्या ताटातून काढावे लागतील. तो ते करणार नाही आणि करूही नये. म्हणून मागणी नेहमीच्या इन्क्रिमेंटमध्ये न टाकता 'करेक्शन' म्हणून वेगळी मांडायची. बहुतेक कंपन्यांत त्यासाठी वेगळं प्रपोजल वर जातं. मॅनेजरला तेच टाकता यावं, यासाठी हे पत्र.

पत्र

आधी पाच मिनिटं तोंडी बोला. न सांगता मेल टाकला की मॅनेजरला वाटतं, राजीनाम्याची तयारी चाललीय. "सर, पगाराबद्दल एक पत्र देणार आहे, आधी तुमच्या कानावर घालते" एवढं पुरे. पुण्याकडच्या कंपन्यांत पत्र बहुधा इंग्रजीत मेलने जातं. सांगाडा तोच राहतो. मराठीत ते असं होईल:

> विषय: पदाच्या सध्याच्या कामानुसार वेतन दुरुस्तीबाबत
>
> आदरणीय सर,
>
> सप्रेम नमस्कार. काल आपल्याशी बोलल्याप्रमाणे हे पत्र देत आहे.
>
> मी जानेवारी २०२१ मध्ये आवक तपासणीसाठी रुजू झाले. गेल्या ऑगस्टपासून ग्राहक तक्रारी, एट-डी रिपोर्ट आणि नव्या भागांचं पीपीएपी हे काम पूर्णपणे माझ्याकडे आहे. आवक तपासणीची देखरेखही मीच करते. कामाची यादी आपण डिसेंबरमध्ये पाहिली होती, ती सोबत जोडली आहे.
>
> या काळात सहा नव्या भागांना ग्राहकाची पीपीएपी मंजुरी मिळाली, त्यातल्या पाचांना पहिल्याच सादरीकरणात. कास्टिंगमधली आवक नाकारणी दहा लाखांत ४,२०० वरून १,९०० नगांवर आली. नोव्हेंबरच्या आयएटीएफ १६९४९ ऑडिटमध्ये माझ्या विभागात एकही मोठी त्रुटी निघाली नाही.
>
> माझा सध्याचा सीटीसी ५,४०,००० रुपये आहे. पुणे परिसरातल्या सुट्या भागांच्या कारखान्यांत, चार ते सहा वर्षं अनुभवाच्या आणि याच स्वरूपाच्या कामाच्या आठ पदांची माहिती मी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जमवली. त्यांचा मध्यक सीटीसी ६,१०,००० आहे. एक आकडा (१२ लाख) कामाचं स्वरूप वेगळं असल्याने धरलेला नाही. तक्ता सोबत आहे.
>
> या पदाचं काम मी स्वतंत्रपणे सांभाळत असल्याने माझा सीटीसी १ एप्रिलपासून ६,१०,००० करावा, अशी विनंती आहे. वार्षिक वाढीपेक्षा वेगळी वेतन दुरुस्ती म्हणून याचा विचार व्हावा. व्हेरिएबल सध्या आहे तेवढंच राहावं, असंही सुचवते.
>
> कंपनीकडे या पदाची स्वतःची तुलनात्मक माहिती असल्यास ती समजून घ्यायला मला आवडेल. आपल्या सोयीने पुढच्या पंधरवड्यात बोलता आलं तर बरं होईल.
>
> आपली,
> (नाव, कर्मचारी क्रमांक)

तक्त्यात आठ ओळी: गाव, कंपनीचा आकार, अनुभव, कामाचं स्वरूप, सीटीसी, आकडा कुठून मिळाला. 'ओळखीकडून' एवढंच लिहा, नाव नको.

यात काय नाही तेही बघा. घराचा हप्ता नाही, मुलांची फी नाही. त्या अडचणी खऱ्या असतात, पण त्या लिहिल्या की बाजाराचा मुद्दा दयेचा होऊन जातो. शेजारच्या टेबलवरच्या माणसाचा पगार नाही. 'अन्यथा मला विचार करावा लागेल' नाही. हे वाक्य हातात ऑफर नसताना लिहिलं तर पोकळ ठरतं, आणि ऑफर असेल तर ती बोलणी वेगळी असतात. सीनिअरची जागा भरली नाही याची तक्रारही नाही. मॅनेजरने ती जागा मागून त्याला नकार मिळालेला असू शकतो. 'ऑगस्टपासून काम माझ्याकडे आहे' एवढ्यात सगळं येतं आणि त्याला ते बरोबर कळतं.

उत्तर कसं येतं

एचआरचा नेहमीचा आक्षेप: "जाहिरातींतले आकडे नव्या भरतीचे आहेत, आत असलेल्यांचे नाहीत." आक्षेप खरा आहे. नोकरी बदलणाऱ्याला आत बसलेल्यापेक्षा जास्त मिळतं, आणि तक्त्यातले निम्मे आकडे तसेच आहेत. वाद घालू नका. "बरोबर आहे. म्हणून ओळखीकडून आलेले आकडेही घेतले, ते आत असलेल्यांचे आहेत" असं म्हणा. तिच्या जागी उद्या माणूस आणायचा झाला तर तो भरतीच्याच भावाने येईल, हे एचआरला पाठ असतं. ते आपण बोलून दाखवलं की धमकी वाटते.

दुसरा आक्षेप: "आमच्या सर्व्हेप्रमाणे मध्यक ५.६ आहे." मोठ्या कंपन्या सल्लागारांकडून पगाराचे सर्व्हे विकत घेतात आणि ते तुमच्या आठ आकड्यांपेक्षा नक्कीच भरघोस असतात. तेव्हा आकड्यावर भांडू नका. त्या सर्व्हेत कोणतं पद ताडून पाहिलं एवढंच विचारा: आवक तपासणीचं की ग्राहक क्वालिटीचं? बहुतेक वेळा गाठ तिथेच सापडते, कारण सिस्टिममध्ये तिचं पद अजून जुनंच आहे. मग पगाराआधी पदनाम दुरुस्त करून घेणं, हा त्या बैठकीतला सगळ्यात मोठा फायदा ठरू शकतो.

तिसरं उत्तर सगळ्यात जास्त येतं: "यंदा निम्मं देऊ, बाकीचं पुढे बघू." निम्मं घ्यायला हरकत नाही. 'पुढे' ला मात्र महिना आणि आकडा लावून घ्या, मेलवर. मॅनेजर लिहीत नसेल तर तुम्हीच संध्याकाळी लिहा: "आज ठरल्याप्रमाणे ३५,००० एप्रिलपासून आणि उरलेल्याचा आढावा ऑक्टोबरमध्ये, असं मी समजते." तो नाकारत नाही तोवर कागद तुमच्या बाजूला आहे. मॅनेजर बदलला तर नव्याला दाखवायला तेवढाच असतो.

आणि पूर्ण ६,१०,००० मंजूर झाले तरी सहीआधी वाढीच्या पत्राचं दुसरं पान उघडा, जिथे घटकवार आकडे असतात. बेसिक २२,००० झालं, व्हेरिएबल ४५,००० च राहिलं तर पीएफ आणि ग्रॅच्युइटीची वाढ वजा जाऊन हातात महिन्याला सुमारे ५,२५० जास्त येतील. या पगारावर नव्या करप्रणालीत आयकर लागत नाही, त्यामुळे तो हिशेबात नाही. पण त्याच ६,१०,००० मध्ये व्हेरिएबल ४५ वरून ८५ हजारांवर नेलं असेल तर हातात येणारी वाढ होते जेमतेम १,९००. पहिल्या पानावर दोन्ही पत्रं सारखीच दिसतात. तिने पत्रात व्हेरिएबलची ओळ टाकली होती ती यासाठीच. दुसऱ्या पानावर आकडा वेगळा निघाला तर सही न करता त्याच दिवशी मॅनेजरकडे परत जायचं. पगारपत्रक एकदा नव्या आकड्यांनी चाललं की ते मागे फिरवायला पेरोलवाला पुढच्या एप्रिलची तारीख देतो.